कॉर्नफ्लॉर किंवा तांदळाचं पीठ टाकल्यावर भजी पांढरी, तेलकट नाहीतर गार झाल्यावर दगड होतात? काय काय तपासायचं ते क्रमानं

इकडं सोलापुरात पावसाची एक सर आली की कुणाचा तरी फोन येतोच, भजी बिघडली म्हणून. आणि हल्ली दहातल्या बऱ्याच वेळा गोष्ट एकच असते, कुरकुरीत व्हावीत म्हणून बेसनात कॉर्नफ्लॉर नाहीतर तांदळाचं पीठ घातलंय आणि बाकी सगळं जुन्याच पद्धतीनं केलंय. मी नाष्ट्याच्या ऑर्डरी घेतो, एकदोन ओळखीच्यांच्या गाड्यांवर मदतीला पण जातो, त्यामुळं हा फॉल्ट इतक्यांदा बघितलाय की आता फोनवर पहिल्या दोन प्रश्नातच कळतं कुठं अडलंय. सारखं सारखं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

लक्षणं काय असतात

तुमचं यातलं कुठलं आहे ते आधी बघा, कारण उपाय वेगवेगळे आहेत.

- भजी शिजलेली असतात पण रंगच येत नाही, फिकट पिवळी नाहीतर पांढरट राहतात, आणि खाणारा विचारतो कच्ची आहेत का.
- रंग यावा म्हणून जास्त वेळ ठेवली तर गरम असताना मस्त लागतात, गार झाली की दाताला कडक नाहीतर चिवट.
- हातात घेतली की बोटाला तेल लागतं, मोडली तर आतून पण तेल.
- कढईतनं काढल्यावर दोन मिनिटं कुरकुरीत, मग मऊ.
- पहिला घाणा एकदम बेसनाचा लागतो आणि शेवटचा घाणा वेगळाच, पांढरा आणि टणक.

शेवटचं लक्षण असेल तर थेट दुसऱ्या तपासणीवर जा, बहुतेक तिथंच सुटेल.

१. पुडा वाचा

हसू नका, पण सगळ्यात फुकटातली आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारी चूक हीच. कॉर्नफ्लॉर म्हणजे मक्यातलं नुसतं स्टार्च, पांढरं शुभ्र, चिमटीत धरून दाबलं की कुरकुर आवाज येतो. मक्याचं पीठ म्हणजे अख्खा मका दळलेला, पिवळसर, जाडसर, ज्याची भाकरी करतात. किराणा दुकानात नुसतं मक्याचं पीठ द्या म्हटलं की यातलं काहीही हातात पडतं. मक्याच्या पिठानं भजी वाईट होतात असं नाही, पण खरखरीत लागतात आणि कॉर्नफ्लॉरसारखा हलका कुरकुरीतपणा येत नाही. कस्टर्ड पावडरचा डबा आणि कॉर्नफ्लॉरचा डबा शेजारी शेजारी असला तर तो पण एकदा बघून घ्या. कस्टर्ड पावडर म्हणजे बहुतेक कॉर्नफ्लॉरच, पण त्यात रंग आणि व्हॅनिलाचा वास असतो, आणि मिरची भजीला व्हॅनिलाचा वास आला की खाणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

तांदळाच्या पिठाचं असं की गिरणीतनं आणलेलं असेल तर आधी कुणाचं काय दळलं होतं ते थोडं त्यात येतंच, ज्वारी आली असेल तर रंग मळका दिसतो. मोदकाची पिठी धुतलेल्या तांदळाची असते आणि लै बारीक असते, ती चालते, पण भज्यांना साधं कोरडं दळलेलं, बोटाला किंचित रवाळ लागणारं पीठ जास्त बरं. तो रवाळपणाच दाताखाली कुरकुरतो.

२. पातेल्याच्या तळाशी चमचा घालून बघा

कॉर्नफ्लॉर पाण्यात विरघळत नाही, नुसतं तरंगत राहतं आणि पीठ सैल असेल तर दहा मिनिटात हळूहळू खाली बसतं. तुम्ही वरवर मिरच्या बुडवून सोडत जाता, वरचं सगळं बेसन संपतं, आणि शेवटच्या घाण्याला जे उरतं ते तळाचं कॉर्नफ्लॉर. म्हणून पहिला घाणा आणि शेवटचा घाणा एकाच पातेल्यातला वाटत नाही. तळाशी चमचा फिरवला आणि जड, चिकट, ओढून धरल्यासारखं काही लागलं तर हेच झालंय. दर घाण्याच्या आधी तळापासून ढवळायचं, एवढाच उपाय, खर्च शून्य. आणि ते तळाचं गोळा झालेलं कॉर्नफ्लॉर तसंच तेलात पडलं तर आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतं आणि तेल अंगावर उडतं, तेवढ्यासाठी तरी ढवळा.

तांदळाच्या पिठाचं उलटं आहे, ते पाणी हळू पितं. कालवल्या कालवल्या तळायला घेतलं तर दाताखाली कचकच येते. दहा मिनिटं झाकून ठेवा, मग घट्ट झालंय का बघा, लागलं तर चमचाभर पाणी. कांदा भजीला मात्र ही दहा मिनिटं पिठात नाही द्यायची, कांद्याला मीठ लागलं की तो पाणी सोडतच राहतो आणि मग तुम्ही परत पीठ, परत पाणी या चक्रात अडकता. तिथं कांदा मीठ लावून आधी वेगळा ठेवायचा, सुटलेल्या पाण्यातच पिठं कालवायची, आणि लगेच तळायचं.

३. रंगाकडं बघणं बंद करा

सगळी गंमत इथंच आहे. बेसनात प्रोटीन असतं, साधारण पाचवा हिस्सा, आणि थोडी साखर पण असते. गरम तेलात या दोघांची जी क्रिया होते तिच्यानं तो खमंग तांबूस रंग आणि तो वास येतो. तांदळाच्या पिठात प्रोटीन बेसनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. कॉर्नफ्लॉरमध्ये जवळजवळ नाहीच. म्हणजे जेवढं बेसन काढून तुम्ही स्टार्च घातलं तेवढा रंग यायचा मालच तुम्ही कमी केलाय, आणि मग कढईपाशी उभं राहून नेहमीच्या तांबूस रंगाची वाट बघताय. तो येणार नाही. येईपर्यंत आतलं पाणी सगळं उडून गेलेलं असतं आणि भजं कडक होतं.

मग कळायचं कसं? बुडबुडे आणि आवाज. भजं सोडल्यावर मोठे मोठे बुडबुडे येतात, ते पिठातल्या पाण्याची वाफ. ते जसे बारीक आणि विरळ होत जातात तसं वरचं आवरण वाळत चाललंय असं समजायचं. झाऱ्यानं उचलून दुसऱ्या भज्यावर आपटलं की पोकळ टकटक आवाज आला पाहिजे, मऊ थप्प आवाज आला तर अजून अर्धं मिनिट. एक मोडून बघा, आत ओलसर पण कच्च्या पिठाचा चिकटपणा नाही, बस्स, काढा. कॉर्नफ्लॉरवालं भजं तयार असतं तेव्हा फिकट सोनेरी दिसतं, तांदळाच्या पिठावालं त्याहून जरा गडद, आणि दोन्ही नुसत्या बेसनाच्या भज्यापेक्षा उजळच असणार.

ग्राहकाला नाहीतर घरच्यांना रंग पाहिजेच असेल तर हळद आणि काश्मिरी तिखट वाढवा, चिमूटभर साखर घाला. खायचा रंग टाकू नका, आणि रंगासाठी सोडा तर अजिबात वाढवू नका. सोड्यानं रंग लवकर चढतो हे खरं, हळद पण लालसर पडते, पण आवरणाला भोकं पडून ते तेल पितं, आणि ज्या कुरकुरीतपणासाठी एवढा खटाटोप केला तोच जातो. ज्यात कॉर्नफ्लॉर नाहीतर तांदळाचं पीठ आहे त्यात मी सोडा घालतच नाही.

४. तेल किती तापलंय आणि एका वेळी किती सोडताय

नुसत्या बेसनाची भजी साधारण १६५ ते १७० डिग्रीला छान होतात, कारण जास्त तापलं तर बाहेरून तांबडी होऊन आत कच्ची राहतात. स्टार्च मिसळलं की ती भीती कमी होते, रंग उशिरा चढतो ना, आणि उलट गरज वाढते. पीठ गरम होताना स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, खळीसारखे होतात, हे ७०-७५ डिग्रीच्या आसपासच होऊन जातं. आता त्या खळीतलं पाणी पटकन उडालं तर ती वाळून काचेसारखी ठिसूळ होते, तोच कुरकुरीतपणा. तेल कोमट असेल तर ती खळी तशीच चिकट राहते, पाणी हळूहळू निघतं आणि काढल्यावर तिच्यात तेल मुरतं. म्हणून तेल १७५ ते १८० डिग्री पाहिजे, कॉर्नफ्लॉर जास्त असेल तर १८० कडं. १९० च्या पुढं मात्र जाऊ नका. तिथं पिठातलं बेसन आणि तेलात गळून पडलेले कण जळायला लागतात, तेल काळं होतं, आणि भज्यांना रंग येतो पण कडवट.

बहुतेकांची चाचणी काय असते, पिठाचा थेंब टाकायचा आणि तो लाल होतो का बघायचा. स्टार्चवाल्या पिठाचा थेंब लवकर लाल होतच नाही, मग वाटतं तेल तापलं नाही, गॅस मोठा होतो, आणि तेल २०० वर जातं. थेंब टाका, पण तो वर कसा येतो ते बघा. तळाला जाऊन रेंगाळत वर आला तर १५० च्या आसपास. टाकल्या टाकल्या फसफसत वर आला तर बरोबर. वर येऊन काठ लगेच काळपट झाले तर गॅस बारीक करा आणि थांबा. मी अजून एक करतो, पिठं मिसळायच्या आधी एक चमचा साधं बेसनाचं पीठ वाटीत बाजूला कालवून ठेवतो आणि त्याच्याच थेंबानं तेल बघतो, डोळ्याला सवय त्याच रंगाची असते ना.

रोज तळत असाल तर चार-पाचशे रुपयांच्या आत सळईवालं थर्मामीटर मिळतं, ते घ्या, पण सळई कढईच्या बुडाला टेकवायची नाही, तेलाच्या मधोमध धरायची.

आणि थर्मामीटर घेतलं की जी गोष्ट पहिल्यांदा दिसते ती अशी की चूक तेल तापवण्यात नसतेच, घाण्यात असते. विजापूर रोडच्या बाजूला एक अक्का मिरची भजीची गाडी लावतात, त्यांचंच सांगतो, म्हणजे सगळं एका जागी कळेल.

अक्कांच्या गाडीवरचा हिशोब

अक्कांचं पीठ होतं एक किलो बेसनाला अर्धा किलो कॉर्नफ्लॉर, वर सोडा. तक्रार अशी की भजी पांढरी, तेलकट, आणि पार्सल नेलेलं घरी पोचेपर्यंत चिवट. "काय की दादा, पुड्यावर पुडे ओततेय, जेवढं जास्त घालावं तेवढी जास्तच बिघडतायत." कुणीतरी सांगितलं होतं कॉर्नफ्लॉर वाढवा म्हणून, तर त्यांनी वाढवलेलं.

पुडा बघितला, बरोबर होता. पातेल्याच्या तळाशी थोडं बसलेलं होतं, ढवळलं, फरक किरकोळ. तेल सोडायच्या आधी १८० होतं, अगदी पाहिजे तेवढं. मग अक्कांनी नेहमीसारखी कढई गच्च भरली, मिरचीला मिरची लागेल एवढी, आणि काटा बघता बघता १४० च्या खाली. तिथनं वर यायला लै वेळ लागला, कारण एवढं सगळं ओलं पीठ एकदम पाणी सोडत होतं आणि बर्नरची सगळी उष्णता ते पाणी उडवण्यातच जात होती. म्हणजे भजी जवळजवळ पूर्ण वेळ १४०-१५० लाच शिजत होती, आणि १४० ला कॉर्नफ्लॉरचं काय होतं ते वर सांगितलंच.

आधी फक्त घाणा निम्मा केला, पीठ तेच ठेवलं, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशानं फरक पडला ते कळत नाही. तेल १६० च्या खाली गेलं नाही. तेलकटपणा तिथंच बराच गेला. पण रंग फिकटच, आणि गार झाल्यावरचा चिवटपणा होताच, म्हणजे तो प्रमाणाचा.

मग दुसरं पीठ कालवलं. एक किलो बेसन, १५० ग्रॅम तांदळाचं पीठ, ५० ग्रॅम कॉर्नफ्लॉर, सोडा बंद, त्याऐवजी दोन पळ्या कडकडीत तेलाचं मोहन, हळद जरा जास्त, दहा मिनिटं झाकून. पीठ एवढं घट्ट की मिरची उचलल्यावर अंगावर सारखा थर बसावा आणि टोकाला एकच थेंब लोंबावा. मिरचीला उभी चीर दिलेली, नाहीतर आतली वाफ कोंडून ती कढईत फुटते. तेल १८०, घाणा निम्मा. रंग हलका सोनेरी आला, कडा जरा तांबूस, आणि गार झालेलं एक बाजूला ठेवून नंतर मोडलं तर कुडकुड मोडलं. अक्का म्हणाल्या रंग अजून पाहिजे होता, त्यावर मी म्हटलं काश्मिरी तिखट घाला, गॅस नका वाढवू.

५. प्रमाण

घरच्यासाठी तेच वाटीनं सांगतो. एक वाटी बेसनाला दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ आणि एक चमचा कॉर्नफ्लॉर, इथून सुरुवात करा. दोन्ही मिळून बेसनाच्या पाव हिश्श्याच्या वर नेऊ नका, त्याच्या पुढं बेसनाची चव पण मागं पडते. दोन्हीतलं एकच घालायचं असेल तर भजी लगेच खायची का ठेवायची यावर ठरवा. कॉर्नफ्लॉरचा कुरकुरीतपणा पातळ आणि हलका, पण वाफ लागली की आधी तोच मऊ पडतो. तांदळाच्या पिठाचा जाडसर असतो, टिकतो, मात्र जास्त झालं की दगड. पार्सलला तांदळाचं, ताटात गरम गरम वाढायचं असेल तर कॉर्नफ्लॉर, माझं तरी असं आहे. नवीन प्रमाण पूर्ण पातेल्यावर करून बघू नका, वाटीत थोडं कालवून दोन-तीन भजी तळा, पूर्ण गार होऊ द्या, मग खा. गरम असताना सगळीच छान लागतात.

६. काढल्यानंतर कुठं ठेवताय

दोन मिनिटात मऊ होणाऱ्यांनी हे वाचा. कागदावर ढीग घातला की खालच्या भज्यांची वाफ वरच्यांना लागते, आणि कागद ओला होऊन खालची पण मऊ. स्टीलच्या चाळणीत नाहीतर जाळीवर एका थरात ठेवा, झाकू नका. पार्सलची पिशवी गाठ मारून बंद करायची नाही, कागदी पुडा उघडा ठेवून द्यायचा. जास्त गर्दी असेल तर अर्धी तळून ठेवायची पद्धत स्टार्चवाल्या पिठाला उलट छानच लागू पडते. पहिल्यांदा १६० ला रंग न येता शिजवून काढा, गार होऊ द्या, तेवढ्या वेळात आतलं पाणी आवरणात येतं, आणि गिऱ्हाईक आलं की १८५ ला मिनिटभर, ते पाणी पण उडून जातं. एकदाच तळलेल्यापेक्षा ही जास्त वेळ कुरकुरीत राहतात.

७. तेल आणि गॅस, आणि इथं थांबायचं

वरचं सगळं करून पण तेल तापतच नसेल, किंवा घाणा अर्धा करून पण तेल १५० च्या खाली जात असेल, तर पिठाशी खेळणं सोडा, दोष पिठात नाही. तेल बघा. गडद, दाटसर, बुडबुड्यांचा फेस मरत नाही, आणि आधी होत नव्हता तेवढ्या तापमानाला धूर येतोय, तर ते तेल संपलं. असल्या तेलात कुठलंच पीठ कुरकुरीत होत नाही आणि स्टार्चच्या फिकट रंगावर त्याचा मळकट रंग आधी दिसतो. नवीन तेल त्यात मिसळून चालवू नका. गाडीवाल्यांसाठी, अन्नसुरक्षा बघणाऱ्या एफएसएसएआयचा नियम आहे १ जुलै २०१८ पासून, तेल परत परत तापवल्यानं त्यात जे खराब घटक तयार होतात, म्हणजे टोटल पोलर कंपाउंड, ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. ते मोजायचं मशीन आपल्याकडं नसतं, पण फेस आणि धूर दिसेपर्यंत थांबणं म्हणजे उशीरच झालेला असतो.

तेल चांगलं असेल तर ज्योत बघा. निळी पाहिजे. पिवळी असेल, कढईचं बूड काळं होत असेल, तर शेगडी पूर्ण गार झाल्यावर बर्नर काढून ब्रशनं भोकं साफ करा, वाळवून बसवा, एवढं घरी करायला हरकत नाही. त्याच्या पुढं नाही. जेट तारेनं खोचू नका, रेग्युलेटर उघडू नका, पाईप कापून जोडू नका, शेगडीच्या मेकॅनिकला नाहीतर गॅस एजन्सीच्या माणसाला बोलवा. इलेक्ट्रिक फ्रायर असेल आणि काटा १८० दाखवतोय पण तुमचं थर्मामीटर त्यात १५० दाखवतंय, तर थर्मोस्टॅट गेलाय, तो पण स्वतः खोलायचा नाही, प्लग काढून दुरुस्तीवाल्याकडं द्या. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं खिडक्या उघड्या, लाइटच्या बटणाला हात नाही, बाहेर येऊन १९०६ ला फोन. आणि तेलानं पेट घेतला तर पाणी टाकायचं नाही, हात पोचत असेल तर गॅस बंद करून कढईवर मोठं स्टीलचं झाकण सरकवायचं आणि गार होईपर्यंत उचलून बघायचं नाही. झाकणानं विझलं नाही तर सगळ्यांना घेऊन बाहेर निघा आणि १०१ लावा.